शैलीपुस्तिकेच्या नोंदी: वाक्य किती लांब, काम कोणाचे, आकडा कसा

४ ऑगस्ट

हवेच्या कॉम्प्रेसरचे मॅन्युअल आमच्यापैकी चौघांनी प्रकरणे वाटून घेऊन मराठीत आणले होते. आज ते एका अनुभवी फिटरला वाचायला दिले. मी शेजारी वही घेऊन बसले. अट एकच होती. वाचताना जिथे थांबावे लागेल तिथे बोट ठेवायचे आणि काय कळले ते सांगायचे.

तिसऱ्या पानावर बोट थांबले. वाक्य असे होते: ‘टाकीतील दाब ८ बारपर्यंत पोहोचल्यावर मोटर बंद केली जाते व डिलिव्हरी पाइपमधील हवा सोडली जाते. दाब ६ बारपर्यंत उतरल्यावर मोटर पुन्हा सुरू केली जाते.’

त्यांनी विचारले, “म्हणजे ८ झाला की मी बंद करायची? आणि हवा कुठून सोडायची, तो कॉक दाखवलेला नाही.”

खरे तर यातले एकही काम माणसाचे नाही. मोटर बंद आणि सुरू करतो तो प्रेशर स्विच. मोटर थांबली की स्विचला जोडलेली छोटी झडप उघडते आणि पंप व टाकी यांच्यामधल्या पाइपातली हवा बाहेर पडते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला भाराविना सुरू होता येते. फिटरना हे यंत्र माहीत होते, म्हणून त्यांनी प्रश्न तरी विचारला. नवखा माणूस न विचारता कॉक शोधत बसला असता. त्याहून वाईट म्हणजे ‘मोटर सुरू केली जाते’ हे वाचून त्याने समजूत करून घेतली असती की कुणी बटण दाबल्याशिवाय ती सुरू होणार नाही, आणि थांबलेल्या मोटरच्या पट्ट्याला हात लावला असता.

आमच्यापैकी कुणीही चुकीचे भाषांतर केलेले नव्हते. इंग्रजीत जे होते तेच मराठीत उतरले होते. शैलीपुस्तिका लिहायची गरज इथेच पटली. आधी तीनच विषय घ्यायचे ठरवले: वाक्याची लांबी, कर्ता नसलेली वाक्ये, आणि आकडे-एककांचे लेखन. पारिभाषिक शब्दांची यादी हे वेगळे काम आहे, ते नंतर.

६ ऑगस्ट

लांबीपासून सुरुवात केली, कारण हा विषय सोपा वाटत होता. विमान उद्योगातून आलेल्या ASD-STE100 या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीत कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची आणि वर्णनपर वाक्याला २५ शब्दांची मर्यादा आहे. पहिल्या मसुद्यात आम्ही तीच जशीच्या तशी घेतली.

दुपारपर्यंत ती मर्यादा आमच्या कामाची नाही हे दिसले. ‘टाकीतल्या पाण्यामुळे’ हे मराठीत दोन शब्द. इंग्रजीत तेच ‘बिकॉज ऑफ द वॉटर इन द टँक’, सात शब्द. आपली विभक्ती, शब्दयोगी अव्यये, ‘तला-तली-तले’ सगळे नामाला चिकटते. आणि ए, ॲन, द हे तर आपल्याकडे नाहीतच. त्यामुळे २० शब्दांच्या मराठी वाक्यात २० शब्दांच्या इंग्रजी वाक्यापेक्षा बराच जास्त ऐवज मावतो. मर्यादा पाळली गेली म्हणजे वाक्य हलके झाले असे होत नाही.

उद्या १५ करून पाहू.

७ ऑगस्ट

१५ नेही काम भागले नाही, आणि का भागले नाही हे कळणे हाच आजचा लाभ. टाकीतले पाणी काढण्याच्या प्रकरणातले हे वाक्य पाहा:

‘मोटर बंद करून, प्लग काढून, हवा सोडून, ड्रेन कॉक हळूहळू उघडून साचलेले पाणी काढावे.’

शब्द १४. मर्यादेच्या आत. वाचायलाही लय आहे, कुठे अडखळत नाही. पण यात पाच कामे आहेत आणि पाचही एकामागून एक त्याच क्रमाने करायची आहेत. हातात पाना धरलेला माणूस एक काम करतो, पानाकडे पाहतो, पुढचे काम शोधतो. या वाक्यात त्याला दर वेळी आपण कुठे होतो हे शोधावे लागते, आणि एखादे ‘ऊन’ नजरेतून सुटले की एक पायरीच सुटते. ‘हवा सोडून’ सुटले तर कॉक भरल्या दाबावर उघडेल.

मराठीत लांबी शब्दांनी वाढत नाही, ‘ऊन’ने वाढते. गोष्ट सांगताना हेच धातुसाधित आपल्या भाषेचे मोठे बळ आहे: उठून, आवरून, जेवून निघालो. एका दमात सगळे येते. सूचनांमध्ये मात्र तोच दम अडचणीचा ठरतो. म्हणून नियम उलटा केला. आधी कामे मोजायची, मग शब्द. एका वाक्यात एकच काम.

‘ऊन’ला पूर्ण बंदी घालू नये, असे आमच्यातल्या सर्वांत जुन्या भाषांतरकार ताईंचे म्हणणे होते आणि ते पटले. ‘बटण दाबून धरा’ यात दोन कामे नाहीत. ‘रिंग ओढून हवा सोडा’ यातही रिंग ओढणे ही हवा सोडण्याची रीत आहे, वेगळी पायरी नव्हे. तेव्हा कसोटी अशी: पहिली क्रिया थांबवून मधे चहा पिऊन आले तर चालेल का? चालत असेल तर त्या दोन पायऱ्या आहेत, दोन वाक्ये करा. चालत नसेल तर ‘ऊन’ राहू द्या. कसोटी पुस्तिकेत याच शब्दांत जाईल, कारण ती सगळ्यांना लगेच लक्षात राहिली.

ताईंनी अजून एक गोष्ट दाखवली. ‘ऊन’च्या दोन्ही बाजूंचा कर्ता एकच असायला हवा. ‘बटण दाबून दिवा लागतो’ हे वाक्य म्हणूनच लंगडे आहे, कारण दाबतो माणूस आणि लागतो दिवा. तिथे ‘बटण दाबल्यावर दिवा लागतो’ हवे, किंवा बोलताना आपण म्हणतो तसे ‘बटण दाबले की दिवा लागतो’. ‘की’चे हे रूप मॅन्युअलमध्ये कुणी वापरत नाही, ते बोलीतले वाटते म्हणून. मला ते फार उपयोगी वाटते. आधी घटना, मग परिणाम, मधे एक अक्षर.

८ ऑगस्ट

नकार. इंग्रजीत मनाईचा शब्द वाक्याच्या तोंडाशी असतो. आपल्याकडे ‘नका’ शेवटी येतो. ‘टाकीत दाब असताना तळाचा ड्रेन कॉक एकदम पूर्णपणे उघडू…’ इथपर्यंत वाचलेल्या माणसाला अजून माहीत नाही की उघडायचा की नाही. बहुतेक जण वाक्य संपवतात, हे खरे. पण आपण बहुतेकांसाठी इशारे लिहीत नसतो.

मनाईच्या वाक्याला म्हणून वेगळी आणि कडक मर्यादा ठेवली: ८ शब्द. मनाई आधी, कारण नंतर, वेगळ्या वाक्यात. ‘ड्रेन कॉक एकदम उघडू नका. टाकीत दाब असतो, पाणी जोरात उडेल.’ अट असलेल्या सूचनेत मात्र मराठीचा स्वाभाविक क्रमच सुरक्षित आहे. अट आधी, कृती नंतर. एका भाषांतरात ‘कॉक उघडा, जेव्हा दाब उतरलेला असेल’ असे आले होते. वाचणारा ‘जेव्हा’पर्यंत पोहोचायच्या आत कॉक उघडलेला असेल. इंग्रजीचा क्रम पाळल्याचा हा परिणाम.

शब्दांची मर्यादाही शेवटी ठेवलीच: सूचनेला १२, वर्णनाला १८. ती ओलांडली की वाक्य चूक ठरत नाही, फक्त दुसऱ्या माणसाने ते पाहायचे.

११ ऑगस्ट

शब्द मोजायला छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि आकडे पाहून चक्रावले. तीन शब्दांचे वाक्य सहा शब्दांचे निघत होते.

```python
import re
s = "ड्रेन कॉक उघडा"
len(re.findall(r"\w+", s))   # 6
len(s.split())               # 3
```

पायथनच्या `re` मध्ये `\w` हे चिन्ह काना, मात्रा, उकार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘ड्रेन’चे ड, र, न असे तीन तुकडे होतात आणि ‘कॉक’चे दोन. जास्त मात्रा असलेले वाक्य लांब ठरते आणि ‘बटण’सारखे बिनमात्रेचे शब्द स्वस्त पडतात. म्हणजे मोजणी वाक्याची नव्हे, लिपीची होत होती. मोकळ्या जागेवर तोडणारे `split()` आमच्या कामाला पुरेसे आहे.

‘ऊन’ शोधण्याची स्क्रिप्टही केली. शेवटी ‘ऊन’ किंवा ‘ून’ असलेले शब्द ती दाखवते. त्यात म्हणून, पासून, मधून, वरून, कडून, अजून हे सगळे येतात, ते वगळण्याची यादी सोबत ठेवली. ‘करुन’ असे ऱ्हस्व उकाराने लिहिलेले शब्द तिच्या हातून सुटत होते, म्हणून ‘ुन’ही शोधायला लावले. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आपोआप हाती लागल्या.

१३ ऑगस्ट

आज नियमाच्या नावावरून चांगलीच अडचण झाली. दोष माझा. मसुद्यात मी लिहिले होते: ‘कर्मणी प्रयोग टाळा.’ इंग्रजी मार्गदर्शिकांमधला ‘पॅसिव्ह टाळा’ हा नियम मराठीत आणताना शाळेतला शब्द हाताशी होता, तो वापरला.

नव्या सहकाऱ्याने प्रामाणिकपणे तो नियम लावला आणि तपासणीत हे वाक्य लाल केले: ‘हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे.’ व्याकरणाने त्याचे बरोबर आहे. कर्त्याला ‘ने’ लागलेला आहे, क्रियापद कर्माप्रमाणे चालते आहे: काम करावे, जोडणी करावी, बोल्ट आवळावा. शुद्ध कर्मणी. ‘तुम्ही तेल बदलले असेल तर’ हेही कर्मणी. मराठीत सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ बहुधा असाच होतो. आणि या दोन्ही वाक्यांत काम कोणाचे हे लख्ख दिसते.

म्हणजे इंग्रजीतला पॅसिव्ह आणि आपला कर्मणी प्रयोग यांचे क्षेत्र वेगळे आहे. त्याच्याशी जवळचा आहे तो व्याकरणात ज्याला नवीन कर्मणी म्हणतात तो, ‘रामाकडून रावण मारला गेला’ या घाटाचा. आम्हाला अडचण होते ती त्यातही ‘रामाकडून’ गाळलेले असते तेव्हा.

नियमातून व्याकरणाचे नाव काढून टाकले. आता तो रूपावर बोट ठेवतो. दोन रूपे: एक ‘केला जातो, सोडली जाते, आवळले गेले’, आणि दुसरे ‘करण्यात येते, करण्यात यावे’. पहिले बहुधा इंग्रजीतून येते, दुसरे सरकारी पत्रांच्या वळणातून. दोन्हींमध्ये कर्ता नाहीसा होतो. ही रूपे दिसली की थांबायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: हे काम कोण करतो?

१४ ऑगस्ट

त्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे वाक्याचे रूप ठरते, हे आज दिवसभर वाक्ये घेऊन तपासले.

काम वाचणाऱ्याचे असेल तर सरळ आज्ञार्थ: ‘कॉक बंद करा’. ‘बंद करण्यात यावा’ नको, आणि ‘बंद करावा’ हेही नको, कारण तो सल्ला आहे की सूचना हे कळत नाही. काम दुसऱ्या माणसाचे असेल तर त्याचे नाव घ्यायचे: ‘वायरिंग इलेक्ट्रिशियननेच तपासावे’. ‘वे’चे रूप फक्त इथे.

काम यंत्र स्वतः करत असेल तर अकर्मक क्रियापद. इथे मराठीचे भांडार मला पुन्हा नव्याने दिसले. सोडणे-सुटणे, काढणे-निघणे, तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, गाळणे-गळणे, थांबवणे-थांबणे, फिरवणे-फिरणे. इंग्रजीत बहुतेक वेळा एकच क्रियापद दोन्ही कामे करते, आपल्याकडे जोड्या आहेत. ‘हवा सोडली जाते’ म्हणायची गरजच नाही, ‘हवा सुटते’ आहे. शब्दातच कळते की माणसाचा हात लागलेला नाही.

चौथी गोष्ट, काम आधीच झालेले असेल आणि वाचणाऱ्याला फक्त स्थिती सांगायची असेल तर ‘लेला आहे’: ‘पंपात तेल भरलेले नाही.’ मूळ इंग्रजीत ‘इज फिल्ड’ असते तेव्हा ती स्थिती आहे की क्रिया हे इंग्रजी वाक्य सांगत नाही. ‘द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड’चे मराठीत ‘झडप बंद आहे’, ‘झडप बंद होते’ आणि ‘झडप बंद केली जाते’ असे तिन्ही होऊ शकते. इथे भाषांतरकाराला यंत्र कसे चालते ते विचारावेच लागते. शब्दकोश उपयोगाचा नाही, आकृती पाहावी लागते. आम्ही शेऱ्याची जागा ठेवली: ‘कर्ता अस्पष्ट, तंत्रज्ञाला विचारणे’. अंदाजाने आज्ञार्थ करायचा नाही. यंत्राचे काम माणसावर ढकलणे ही ‘केले जाते’पेक्षा मोठी चूक आहे.

पहिले वाक्य आता असे झाले:

‘दाब ८ बार झाला की मोटर आपोआप थांबते. पाइपातली हवा फुस्स आवाज करत सुटते. दाब ६ बारपर्यंत उतरला की मोटर आपोआप पुन्हा सुरू होते.’

आणि त्याच्या वर चौकटीत: ‘थांबलेल्या मोटरला हात लावू नका. ती आपोआप सुरू होते. आधी प्लग काढा.’

‘आपोआप’ हा शब्द लागतो का यावर चर्चा झाली. ‘थांबते’ पुरेसे आहे असे एकाचे मत. मी तो ठेवायच्या बाजूची होते. मोटरला थांबवणारा स्विच बाहेरून दिसत नाही, आणि ‘मोटर थांबते’ याचा अर्थ बिघाडाने थांबते असाही होऊ शकतो. ठेवला. आवाजाचा उल्लेखही मुद्दाम ठेवला. काही सेकंदांत तो बंद व्हायला हवा. होत नसेल तर टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असण्याची शक्यता जास्त, आणि ते बिघाडांच्या तक्त्यात आहेच.

१८ ऑगस्ट

रूप शोधण्यासाठी दोन साधे नमुने:

```
(ला|ली|ले|ल्या) (जा|गे)
ण्यात (ये|या|आ)
```

पहिल्या नमुन्यात ‘काटा खाली जातो’ आणि ‘झाकण आपल्या जागी बसवा’ हीसुद्धा सापडतात, कारण ‘खाली’च्या शेवटी ‘ली’ आहे आणि ‘आपल्या’च्या शेवटी ‘ल्या’. चालेल. माणूस पाहणार आहेच. ‘पाणी निघून जाते’ यात ‘जाते’ असूनही ते सापडत नाही, आणि सापडू नये हेच बरोबर. ते कर्ता लपवणारे रूप नाही.

काही ‘केले जाते’ राहू दिले आहेत. ‘या तेलाला बाजारात कॉम्प्रेसर ऑइल म्हटले जाते’ यात कोण म्हणतो याने वाचणाऱ्याच्या हातातले काम बदलत नाही. (‘म्हणतात’ केले तर चार अक्षरांत काम होते, हे ताईंनी लगेच दाखवले. तेच घेतले.)

२० ऑगस्ट

एकके. जुन्या भाषांतरांतून निवडलेली तीन वाक्ये फळ्यावर लिहिली:

‘मोटर ३० से. चालवा.’ ‘तापमान ४० से. पेक्षा जास्त नसावे.’ ‘पट्टा दाबल्यावर १० मि. खाली जायला हवा.’

पहिल्यात सेकंद, दुसऱ्यात सेल्सिअस. तिसऱ्यात मिलिमीटर, पण ‘मि.’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मिनिट येते. ‘मी’ लिहिले तर मीटर की मी स्वतः. देवनागरी संक्षेपांची ही गर्दी टाळता येत नाही, कारण या नावांची पहिली अक्षरेच सारखी आहेत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. MPa म्हणजे मेगापास्कल आणि mPa म्हणजे मिलिपास्कल, दोन्हींत १०० कोटी पटींचा फरक, आणि तो फरक फक्त M च्या आकारावर उभा आहे. ‘एमपीए’ लिहिले की तो गेला. बोल्ट आवळण्याच्या तक्त्यात एका ठिकाणी ‘25 nm’ असे छापले गेले होते. Nm म्हणजे न्यूटन-मीटर, टॉर्कचे एकक. nm म्हणजे नॅनोमीटर.

निर्णय: कृती आणि तक्ते यांमध्ये एककाचे आंतरराष्ट्रीय चिन्ह रोमन लिपीतच, गेजवर, पान्यावर किंवा यंत्राच्या पाटीवर जसे कोरलेले असते तसे. मॅन्युअलच्या सुरुवातीला एक तक्ता, त्यात प्रत्येक चिन्ह, त्याचा मराठी उच्चार आणि ते काय मोजते हे: bar म्हणजे बार, दाब. रोमन अक्षरे न वाचणाऱ्यालाही गेजवरचे चिन्ह आणि पानावरचे चिन्ह सारखे दिसते, आणि जुळवण्यासाठी तेवढे पुरते. वर्णनात वेळ नेहमी पूर्ण शब्दात: ३० सेकंद, १० मिनिटे.

२१ ऑगस्ट

अंक कोणते, यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, कारण इथे मन गुंतलेले होते. माझेही. मराठी पुस्तकात मराठी अंक असावेत असे मला मनापासून वाटते, आणि या नोंदीही मी तशाच लिहिते आहे.

पण गेजवर 8 आहे. एकाच पानावर चित्रात 8 आणि मजकुरात ८ असेल तर वाचणाऱ्याला दर वेळी एक रूपांतर करावे लागते. त्यात घाईत १ हा 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. तेलकट बोटांनी मळलेल्या पानावर ‘४ bar’ चे 8 वाचले जाणे अशक्य नाही. म्हणून: ज्या आकड्याची तुलना यंत्रावरच्या आकड्याशी करायची आहे तो यंत्रावर आहे तसा, आणि एकाच मॅन्युअलमध्ये दोन प्रकारचे अंक नकोत म्हणून बाकी सगळेही तसेच. प्रास्ताविक, पानांचे क्रमांक, सगळे. यंत्रावर मराठी अंक असते तर निर्णय उलटा झाला असता, हे पुस्तिकेत लिहून ठेवले आहे.

स्वल्पविरामाचे थोडक्यात: चार अंकी संख्येत तो नको. मूळ मजकुरात ‘1,500’ दिसले तर ते दीड हजार की दीड हे आधी ठरवायचे, कारण युरोपातल्या अनेक भाषांत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह असते.

२५ ऑगस्ट

मोकळी जागा. एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे संख्या आणि चिन्ह यांच्यामध्ये जागा असते: 8 bar, 25 Nm, 40 °C. अपवाद कोनाच्या अंशाचा, 30° जोडून. चिन्हाला टिंब नाही, अनेकवचन नाही. ही जागा न तुटणारी असावी लागते, U+00A0, नाहीतर ओळीच्या शेवटी 8 राहतो आणि पुढच्या ओळीची सुरुवात bar ने होते. टाइप करताना ती कुणी देत नाही, म्हणून शेवटी एकदम बदल करून घ्यायची.

टिंबाचा नियम लांबीच्या नियमाशीही जोडलेला निघाला. आमची स्क्रिप्ट टिंबावर वाक्य तोडते. ‘मि.मी.’ असलेले वाक्य तीन तुकड्यांत मोजले जात होते आणि सगळ्यांत लांब वाक्ये त्यामुळेच यादीतून सुटत होती. mm आल्यावर ती वर आली.

खास मराठीचा प्रश्न पुढेच आहे. आपण शब्दयोगी अव्यय जोडून लिहितो: बारपेक्षा, मिलिमीटरने. रोमन चिन्हाला ते कसे जोडायचे? ‘barपेक्षा’ डोळ्यांना अडतो. ‘bar-पेक्षा’ तील आडवी रेघ उणे किंवा दरम्यान अशी वाचली जाऊ शकते. शेवटी ‘1 bar पेक्षा’ असे सुटे लिहायचे ठरले, तिथेही न तुटणारी जागा. लेखनाच्या नियमाला हा अपवाद आहे आणि फक्त रोमन चिन्हापुरता आहे, असे नोंदवले. त्यातही शक्य असेल तिथे वाक्यच वळवायचे. ‘दाब 8 bar ला पोहोचल्यावर’ऐवजी ‘दाब 8 bar झाला की’. ‘6-8 bar च्या दरम्यान’ऐवजी ‘6 ते 8 bar’. ‘2850 फेरे प्रति मिनिट’ऐवजी ‘मिनिटाला 2850 फेरे’. अव्यय चिकटवायचा प्रश्नच उरत नाही आणि वाक्य बोलल्यासारखे होते.

२९ ऑगस्ट

पाणी काढण्याचे प्रकरण तिन्ही नियमांनी पुन्हा लिहिले.

‘1. मोटर बंद करा.
2. प्लग काढा.
3. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून हवा सोडा.
4. दाब 1 bar पेक्षा खाली उतरला की रिंग सोडा.
5. ड्रेन कॉक हळूहळू उघडा. उरलेल्या दाबाने पाणी बाहेर पडते.
6. पाणी थांबले की कॉक बंद करा.’

जुने वाक्य १४ शब्दांचे होते, हे त्याच्या दुपटीहून मोठे आहे. पान वाढते, छपाई वाढते, अशी हरकत आली आणि ती खोटी नाही. पण जुन्यात ‘हवा सोडून’ म्हणजे किती सोडून हे नव्हतेच. मूळ इंग्रजीत 1 bar होते. पाच कामे एका वाक्यात कोंबताना ते गळले होते आणि तपासणीत कुणालाही दिसले नव्हते.

१ सप्टेंबर

त्याच फिटरना नवी पाने दिली. मी पुन्हा वही घेऊन शेजारी. तिसऱ्या पानावर बोट थांबले नाही. पाणी काढण्याच्या प्रकरणात चौथ्या पायरीवर थांबले.

“‘रिंग सोडा’ म्हणजे हात काढायचा, की रिंग सोडवून बाजूला काढायची?”

तिसऱ्या पायरीत ‘हवा सोडा’, चौथीत ‘रिंग सोडा’. एकच क्रियापद, दोन कामे, लागोपाठ. चौथी पायरी ‘रिंगवरून हात काढा’ अशी केली. दोन लागोपाठच्या पायऱ्यांत एकच क्रियापद दोन अर्थांनी वापरू नये, हा नियम पुस्तिकेत कुठे बसवायचा हे उद्याच्या बैठकीत ठरवायचे आहे.